मॅच्युरिटीचे पैसे उशिरा आले तर विमा कंपनीकडे व्याज मागणारं पत्र कसं लिहायचं

२१ मार्च २०२५ ला मावशीच्या खात्यात ६,४०,००० रुपये जमा झाले. वीस वर्षं हप्ते भरलेल्या पॉलिसीचे पैसे. घरात सगळ्यांनाच हायसं वाटलं. मावशी मात्र जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. तिने पॉलिसीचा मूळ कागद काढला, मुदतपूर्तीच्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथे २८ नोव्हेंबर लिहिलंय. मग मधल्या पावणेचार महिन्यांचं व्याज कुठंय?"

शाखेत विचारलं तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, "व्याज फक्त डेथ क्लेमला मिळतं, मॅच्युरिटीला नाही." हे त्यांनी खोटेपणाने सांगितलं असं मला वाटत नाही, त्यांना तसंच माहीत असावं. पण ते चूक आहे, आणि अशा एका तोंडी वाक्यावर विश्वास ठेवून कितीतरी लोक घरी परततात. आम्ही पत्र लिहिलं. ते कसं लिहिलं, त्यात काय घातलं आणि कंपनीने कुठे अडवून धरलं, ते सविस्तर सांगतो.

नियम काय म्हणतो

भारतातल्या आयुर्विमा कंपन्यांवर विमा नियामक आयआरडीएआयचे नियम लागू असतात. कंपनी सरकारी असो की खासगी, त्याने फरक पडत नाही. पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाचे सध्याचे विनियम २०२४ चे आहेत आणि त्यांना जोडून ५ सप्टेंबर २०२४ चं मास्टर परिपत्रक आहे. मॅच्युरिटीबद्दल त्याचा गाभा सोपा आहे. ही रक्कम कधी द्यायची हे कंपनीला पॉलिसी विकली त्या दिवसापासून माहीत असतं, म्हणून पैसे ठरलेल्या तारखेलाच मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'त २ टक्के मिळवून त्या दराने व्याज द्यायचं. ही तरतूद नवी नाही, २०१७ च्या विनियमांतही ती होती.

अपवाद आधीच सांगतो, म्हणजे उगाच धावपळ होणार नाही. टपाल खात्याचा आयुर्विमा, म्हणजे पोस्टल लाइफ इन्शुरन्स, विमा नियामकाच्या कक्षेत येत नाही. तिथे तक्रार टपाल खात्याच्या वाटेनेच करावी लागते, हे पत्र तिथे चालणार नाही. आणि तुम्ही स्वतः मॅच्युरिटीची रक्कम हप्त्याहप्त्याने घ्यायचा पर्याय निवडला असेल, तर एकरकमी पैसे आले नाहीत याला उशीर म्हणता येत नाही. पॉलिसीच्या कागदावर किंवा प्रस्तावाच्या प्रतीवर तसा पर्याय लिहिला आहे का, ते आधी बघा.

सगळं भांडण तारखेवर असतं

व्याजाचा दर ठरलेला आहे, मुद्दल ठरलेलं आहे, पैसे जमा झाल्याची तारीख पासबुकात आहे. कंपनीला खेचाखेच करायला एकच जागा उरते, ती म्हणजे व्याज कुठल्या तारखेपासून मोजायचं. मोजायची रीत अशी: मुदतपूर्तीची तारीख आणि तुम्ही शेवटचा आवश्यक कागद दिल्याची तारीख, या दोनपैकी जी नंतरची, तिथपासून व्याज.

याचा अर्थ नीट समजून घ्या. कागद मुदतीच्या आधी दिले असतील तर व्याज मुदतपूर्तीच्या तारखेपासून. कागद महिनाभर उशिरा दिले असतील तर तो महिना तुमच्या खात्यावर, कंपनीच्या नाही. कागद दिलेच नसतील तर व्याजाचा प्रश्नच येत नाही. म्हणून 'शेवटचा आवश्यक कागद' हे तीन शब्द कळीचे आहेत. कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा त्यांच्याच आधाराने येतं.

मावशीने ४ नोव्हेंबर २०२४ ला शाखेत जाऊन मूळ पॉलिसी, डिस्चार्ज व्हाउचर नावाची सही केलेली पावती, पॅन व आधारच्या प्रती, बँक खात्याचा एनईएफटी फॉर्म आणि रद्द केलेला चेक दिला होता. रद्द चेक म्हणजे आडव्या रेघा मारून वर 'कॅन्सल्ड' लिहिलेला कोरा चेक, त्यावरून कंपनी खातं क्रमांक व आयएफएससी पडताळते. तिने दिलेल्या कागदांची यादी स्वतः दोन प्रतींत लिहून नेली होती आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतली होती. त्या वेळी आम्हाला ते फार काटेकोर वाटलं होतं. पुढे त्याच कागदावर निकाल लागला.

जानेवारीत शाखेतून फोन आला, "रद्द चेक परत द्या, आमच्याकडचं स्कॅन नीट दिसत नाही." ९ जानेवारीला दुसरा चेक दिला. तोच खातं क्रमांक, तीच बँक, नावही तसंच छापलेलं. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही की या एका फेरीमुळे कंपनीच्या नोंदीत 'शेवटचा कागद' ९ जानेवारीचा झाला.

तुमच्याकडे अशी शिक्क्याची यादी नसेल तर घाबरू नका. कागद ईमेलने पाठवले असतील तर तो मेल, कंपनीच्या अ‍ॅपवर चढवले असतील तर तिथला विनंती क्रमांक आणि आलेला एसएमएस, कुरियरने पाठवले असतील तर पोच झाल्याची नोंद, यांतलं काहीही चालतं. हाती काहीच नसेल तर शाखेला एक ओळीचा मेल करा: 'माझे कागद कोणत्या तारखेला मिळाल्याची नोंद आहे आणि त्यात काय काय आहे, ते कळवावे.' उत्तर आलं की तीच तुमची पोच.

उशिराची आणखी दोन कारणं वारंवार दिसतात, ती आपल्या बाबतीत आहेत का हे पत्र लिहिण्याआधी बघून घ्या. पहिलं म्हणजे आयएफएससी. देना बँक आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये आंध्र व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या. जुन्या पॉलिसीला जुनाच कोड जोडलेला राहिला तर पैसे कंपनीकडे परत जातात आणि तिथे पडून राहतात. दुसरं म्हणजे नाव. पॉलिसी माहेरच्या नावाने आणि खातं सासरच्या नावाने, हे आपल्याकडे घरोघरी आहे. यांतली दुरुस्ती तुम्ही मुदतीनंतर केली असेल तर ती दुरुस्तीची तारीखच खरोखर 'शेवटचा आवश्यक कागद' ठरू शकते. ते मान्य करून त्या तारखेपासून व्याज मागा. अवाजवी तारीख लावली तर कंपनी पूर्ण मागणीच फेटाळायला मोकळी होते.

हिशेब

बँक दर म्हणजे रेपो दर नव्हे. वर्तमानपत्रात ठळक मथळा येतो तो रेपोचा, बँक दर वेगळा असतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर दोन्ही दिसतात. आणि दर आजचा घ्यायचा नाही. ज्या आर्थिक वर्षात पैसे देणं लागत होतं, त्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे १ एप्रिलला, जो बँक दर होता तो घ्यायचा.

मावशीची मुदत नोव्हेंबर २०२४ ची, म्हणून १ एप्रिल २०२४ चा दर. तो ६.७५ टक्के होता. त्यात २ मिळवले की ८.७५ टक्के. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये बँक दर ६.५० वर आला, पण त्याचा या हिशेबाशी संबंध नाही. मुदत एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ मधली असती तर १ एप्रिल २०२५ चा ६.५० टक्के दर धरून ८.५० टक्के झाले असते.

आता आकडे. ६,४०,००० वर ८.७५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ५६,००० रुपये. त्याला ३६५ ने भागलं की दिवसाला १५३ रुपये ४२ पैसे. २८ नोव्हेंबर ते २१ मार्च ११३ दिवस होतात. एकूण व्याज १७,३३७ रुपये. हे सरळ व्याज आहे, चक्रवाढ लावू नका. दिवस मोजताना दोन्ही टोकं धरू नका, एकच धरा, नाहीतर एका दिवसाच्या फरकावरून पत्र परत येईल.

पॉलिसीवर कर्ज घेतलेलं असेल किंवा हप्ता थकलेला असेल, तर तो वजा जाऊन जी रक्कम खरोखर तुम्हाला मिळायची होती, तिच्यावरच व्याज मोजा.

पत्र

पत्र एका पानात बसलं पाहिजे. वाचणारा माणूस दिवसाला अशी अनेक पत्रं उघडतो. त्याला पॉलिसी क्रमांक, तीन तारखा आणि एक आकडा पहिल्या काही ओळींत सापडला तर तो लगेच संगणकावर नोंद उघडतो. वीस वर्षं किती निष्ठेने हप्ते भरले, एजंट काय म्हणाला होता, शाखेत किती हेलपाटे घातले, हे सगळं खरं असलं तरी त्या पानावर नको. मावशीच्या पहिल्या मसुद्यात हे सगळं होतं, दोन पानं भरली होती. मी तिला फक्त तारखा ठेवायला सांगितलं. ती थोडी नाराज झाली, पण तिने खोडलं.

पत्र मराठीत लिहायला काही अडचण नाही. मात्र तक्रार कक्ष बहुधा मुख्य कार्यालयात, कधी दुसऱ्या राज्यात असतो, म्हणून पॉलिसी क्रमांक, तारखा आणि रकमा इंग्रजी अंकांत लिहा. मावशीने पाठवलेलं पत्र, खासगी तपशील वगळून आणि इथे वाचायला सोपं जावं म्हणून अंक मराठीत लिहून, असं होतं:

> दिनांक: २ एप्रिल २०२५
>
> प्रति,
> तक्रार निवारण अधिकारी,
> (कंपनीचे नाव व पत्ता)
>
> विषय: पॉलिसी क्रमांक ________ ची मुदतपूर्तीची रक्कम ११३ दिवस उशिरा मिळाल्याबद्दल विलंब-व्याजाची मागणी, रु. १७,३३७
>
> महोदय / महोदया,
>
> वरील पॉलिसी माझ्या नावावर असून तिची मुदत २८ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाली. त्यासाठीची सर्व कागदपत्रे मी ४ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या ________ शाखेत दिली. शाखेचा शिक्का असलेली पोच सोबत जोडली आहे. रु. ६,४०,००० ही रक्कम माझ्या खात्यात २१ मार्च २०२५ रोजी जमा झाली.
>
> कागदपत्रे मुदतीच्या आधी दिलेली असल्याने २८ नोव्हेंबर २०२४ पासून २१ मार्च २०२५ पर्यंत ११३ दिवसांचा विलंब आपल्याकडून झाला आहे. आयआरडीएआयचे पॉलिसीधारक हितरक्षणाचे विनियम, २०२४ आणि ५ सप्टेंबर २०२४ चे मास्टर परिपत्रक यांनुसार अशा विलंबासाठी बँक दर अधिक २ टक्के दराने व्याज देय आहे. १ एप्रिल २०२४ रोजीचा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणून लागू दर ८.७५ टक्के.
>
> हिशेब: ६,४०,००० × ८.७५ ÷ १०० × ११३ ÷ ३६५ = रु. १७,३३७
>
> ९ जानेवारी २०२५ रोजी आपल्या शाखेने मागितल्यावरून मी रद्द केलेला चेक पुन्हा दिला. तो ४ नोव्हेंबरला दिलेल्या चेकच्याच खात्याचा होता आणि पोचपावतीच्या यादीत त्याची नोंद आहे. त्यामुळे ती तारीख शेवटच्या आवश्यक कागदाची तारीख धरता येणार नाही.
>
> वरील व्याज माझ्या त्याच खात्यात जमा करावे. आपला हिशेब यापेक्षा वेगळा असल्यास कोणत्या तारखेपासून व किती दराने व्याज मोजले, ते लेखी कळवावे. १४ दिवसांत निराकरण न झाल्यास मी बीमा भरोसा आणि विमा लोकपाल यांच्याकडे तक्रार करीन.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पत्ता, मोबाईल)
>
> सोबत: पॉलिसीच्या पहिल्या पानाची प्रत, ४ नोव्हेंबरची शिक्क्याची पोच, पासबुकातील २१ मार्चच्या नोंदीची प्रत

जानेवारीतल्या चेकचा परिच्छेद आम्ही मुद्दाम आधीच घातला. कंपनी काय म्हणणार हे ठाऊक असेल तर त्याचं उत्तर पहिल्याच पत्रात असलेलं बरं. तुमच्या बाबतीत तसं काही नसेल तर तो परिच्छेद गाळा.

'आपला हिशेब वेगळा असल्यास लेखी कळवावे' ही ओळ मात्र कधीही गाळू नका. तिच्यामुळे कंपनीला नुसतं 'विनंती मान्य करता येत नाही' लिहून सुटता येत नाही, तारीख सांगावीच लागते. आणि तारीख सांगितली की तुम्हाला ती खोडता येते.

मुद्दलच अजून आलेलं नसेल तर पत्र थोडं बदलतं. मुद्दल ताबडतोब द्यावं, आणि मुदतपूर्तीपासून जमा होईपर्यंत दररोज अमुक रुपयांप्रमाणे व्याज द्यावं, असं लिहा. मावशीच्या उदाहरणात तो आकडा १५३ रुपये ४२ पैसे झाला असता. या टप्प्यावर कंपनी 'पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली' असं छापलेल्या कागदावर सही मागत असेल, तर सहीच्या वर 'विलंब-व्याजाचा हक्क राखून' एवढं हाताने लिहा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

कुठे पाठवायचं

शाखाधिकाऱ्याला नाही. प्रत्येक विमा कंपनीत तक्रार निवारण अधिकारी असतो, त्याचा ईमेल व पत्ता पॉलिसीच्या कागदात आणि कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. मेल त्याला करा, सही केलेलं पत्र स्कॅन करून जोडा, आणि तेच पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा. शाखेत द्यायचं झालं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. मूळ कागद एकही देऊ नका. मेलचं उत्तर म्हणून तक्रार क्रमांक येतो, तो पत्राच्या प्रतीवरच लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीवर तो विचारतात.

उत्तर आल्यावर

१५ एप्रिलला मावशीच्या खात्यात १०,८९३ रुपये आले. सोबत मेल: 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' घरातल्या दोघातिघांनी सांगितलं, आता सोड. तिने भागाकार केला. १०,८९३ ला १५३.४२ ने भागलं की ७१ येतात. आणि २१ मार्चपासून ७१ दिवस मागे मोजले की नेमकी ९ जानेवारी येते. कंपनीने दुसऱ्या चेकपासूनच व्याज मोजलं होतं.

कमी रक्कम आली तर हे गणित जरूर करा. आलेल्या व्याजाला दिवसाच्या व्याजाने भागायचं, कंपनीने किती दिवस धरले ते कळतं, आणि तिथून उलटं मोजलं की कुठली तारीख धरली तेही कळतं. भागाकार पूर्णांकाजवळ येत नसेल तर बहुधा दर वेगळा लावला आहे.

दुसरं पत्र चार ओळींचं होतं. १०,८९३ रुपये मिळाले, ते ९ जानेवारीपासून मोजलेले दिसतात, ४ नोव्हेंबरच्या शिक्क्याच्या यादीत पाचव्या क्रमांकावर रद्द चेक आहे, उरलेले ६,४४४ रुपये द्यावेत. यादीवरच्या त्या ओळीला पेनाने चौकट करून तिचा फोटो जोडला.

समजा ४ नोव्हेंबरचा चेक नाव न छापलेला असता, किंवा दुसऱ्याच खात्याचा असता, तर कंपनीचं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि मी तिला १०,८९३ वर थांबायला सांगितलं असतं. फरक एवढाच आहे: नवा कागद हवा होता म्हणून मागितला, की दिलेलाच पुन्हा मागितला.

तरीही नाही दिलं तर

बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रारीचं पोर्टल आहे, पत्ता bimabharosa.irdai.gov.in. फोनवरून 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. नियामक स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवून तिच्यावर लक्ष ठेवतो. पण बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं, कारण कंपनीला तिथे उत्तर नोंदवावं लागतं.

निवाडा हवा असेल तर विमा लोकपाल. त्यांच्याकडे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि नियमात ठरवलेल्या मुदतीपेक्षा उशीर हे तक्रारीचं स्वतंत्र कारण मानलं जातं. तीन अटी सांभाळा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे. कंपनीने ती फेटाळलेली, एक महिना उत्तर न दिलेलं किंवा दिलेल्या उत्तराने तुमचं समाधान न झालेलं असलं पाहिजे. आणि त्यानंतर एका वर्षाच्या आत लोकपालांकडे गेलं पाहिजे. त्याच विषयावर ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात दावा चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या लोकांच्या तक्रारी राहत्या पत्त्यावरून वेगवेगळ्या कार्यालयांत जातात. आपलं कार्यालय कुठलं ते cioins.co.in वर दिसतं आणि तिथेच ऑनलाइन तक्रारही भरता येते.

मावशीला तिथवर जावं लागलं नाही. ५ मे २०२५ ला ६,४४४ रुपये जमा झाले, कुठलंही स्पष्टीकरण न देता. तिने दोन्ही नोंदींसमोर पेन्सिलीने 'व्याज' लिहिलं. मॅच्युरिटीच्या रकमेला मिळणारी कराची सूट या व्याजाला लागत नाही, म्हणून २०२५-२६ च्या विवरणपत्रात दाखवायच्या कागदांत तिने ते पासबुकाचं पान आधीच लावून ठेवलं.